गूळ पिवळा कसा झाला?

(दृश्य: पहाट, गुऱ्हाळ, चुलवाणात चिपाड सरकवणारे हात)

कोल्हापूरजवळचं हे गुऱ्हाळ. काहिलीतला रस तापायला लागला की वर काळपट मळी जमते. गुळव्या मामा भेंडीचं बुळबुळीत पाणी ओततात, मळी एकत्र येते आणि झाऱ्याने ती अलगद बाहेर काढली जाते. पुढे दोनेक तास रस आटतो, पाक जाड होतो आणि मग काहील वाफ्यात रिकामी होते. ही ओतण्याची चाळीस सेकंदं म्हणजेच आमचा यूट्यूब शॉर्ट. नाव दिलं होतं, ‘१०० टक्के केमिकलमुक्त कोल्हापुरी गूळ’.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, कमेंट वर सरकताना)

रात्री पहिली खोचक कमेंट आली. ‘हायड्रोस किती चमचे घातला, तेबी दाखवा की भावा.’ खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. हायड्रोस म्हणजे गुळाला उजळ रंग देणारी पावडर. कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही, म्हणून तर टोमणा झोंबला.

एडिटिंग करणाऱ्या पोराने लगेच उत्तर टाइप केलं, ‘आधी गुऱ्हाळात या, मग बोला.’ पाठवलं मात्र नाही. आमच्यातल्या ताईंनी त्याच्याकडून फोन काढून घेतला आणि विचारलं, ‘टोमणा सोड रे. त्याने विचारलंय काय?’

विचारलं होतं एवढंच, की गुळात काय घालता? याचं पक्कं उत्तर आमच्यातल्या एकाकडेही नव्हतं.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ, गुळव्या मामा, बाजूला पांढरट पाण्याची बादली)

मामा हसले. म्हणाले, ‘हायड्रोस न्हाई. पण चुन्याची निवळी घालतोय की. रस आंबट असतोय, निवळीनं मळी नीट सुटती. जास्त पडली तर गूळ काळा पडतोय.’

म्हणजे चुना होता. तो पिढ्यान्‌पिढ्या घातला जातो, पण म्हणून ‘१०० टक्के केमिकलमुक्त’ हे शब्द खरे ठरत नाहीत. टोमणा मारणाऱ्याचा हायड्रोसचा अंदाज चुकला होता, आमचा दावाही चुकला होता.

(दृश्य: लॅपटॉपवर एकच फ्रेम दोनदा, डावीकडे मूळ, उजवीकडे एडिट केलेली)

आता रंग बघा. डावीकडे कॅमेऱ्यातून आलेला गूळ, तपकिरी. उजवीकडे शॉर्टमधला, पिवळाधमक. मधला फरक आमच्या पोराने ओढलेल्या सॅच्युरेशनच्या पट्टीचा. हायड्रोस काहिलीत नव्हता हो, आमच्या लॅपटॉपात होता!

(दृश्य: टाइप होत असलेलं उत्तर)

यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलून टाकता येत नाही. काढून नवा चढवला असता तर सगळ्या कमेंट गेल्या असत्या आणि पळ काढला असंच दिसलं असतं. म्हणून शॉर्ट तसाच ठेवला, नाव बदललं, ‘भेंडी आणि चुन्याच्या निवळीचा गूळ’. त्याच कमेंटखाली उत्तर लिहिलं:

‘दादा, प्रश्न बरोबर आहे. या काहिलीत हायड्रोस नाही, पण चुन्याची निवळी आहे, त्यामुळे केमिकलमुक्त म्हणणं आमची चूक होती. नाव बदललंय. व्हिडिओतला रंग एडिटिंगमध्ये वाढला, मूळ रंगाचा व्हिडिओ उद्या टाकतो. याच काहिलीतला नमुना तपासणीला देतोय. हायड्रोस घातला की गुळात सल्फर डायऑक्साइड वाढतो, त्याचा आकडा येईल तो दाखवू.’

यात ‘आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभार’ नाही, हात जोडलेली इमोजी नाही. शॉर्टमध्ये मामांच्या बोलीत बोलायचं आणि कमेंटला बँकेच्या पत्रासारखं उत्तर द्यायचं, हे लोकांच्या लगेच लक्षात येतं. विनोद करायचा मोह झाला होता. पण चूक आपली असताना विनोद केला की तो टाळाटाळ वाटतो.

तोच मजकूर आमची वेगळी कमेंट म्हणून वर पिन केला, कारण उत्तर एका दादाला दिलं तरी वाचणारे बाकीचे असतात. पिन एकच करता येते, तिथे आधी ऑर्डरचा नंबर होता. तो खाली वर्णनात गेला.

तपासणीला एक मर्यादा आहे. अहवाल त्या एका नमुन्यापुरताच बोलतो. पुढच्या काहिलीची हमी त्यातून मिळत नाही, म्हणून तशी द्यायचीही नाही.

(दृश्य: चुलवाणाशी बसलेला जाळव्या, घामाने भिजलेला)

काही कमेंट या माणसाच्या जातीवरून होत्या. त्यांना उत्तर दिलं नाही. त्या काढल्या आणि लिहिणाऱ्यांना चॅनलवरून लपवलं. ‘आमच्या म्हातारीचा गूळ ह्याहून भारी’ ही मात्र ठेवली, तिला हार्टही दिला.

दोन ऑर्डरी रद्द झाल्या.

(दृश्य: पुन्हा वाफा, या वेळी रंग न वाढवता)

हायड्रोसवाल्या दादाने दुसऱ्या दिवशी एक शब्द लिहिला, ‘बघू.’ मामा वाफ्यातला गूळ खरवडून ढेपेच्या साच्यात भरतायत. नमुन्याची डबी बाजूच्या कट्ट्यावर ठेवली आहे, झाकणावर काहिलीची तारीख.