मोठी गाडी का थांबते?

[दृश्य: सपाट पट्टीवर दोन गाड्या. मोठी गाडी डावीकडे भिंतीला स्प्रिंगने बांधलेली. छोटी गाडी मोठीला दुसऱ्या स्प्रिंगने जोडलेली.]

मोठ्या गाडीचं वस्तुमान १० किलो आहे आणि तिला भिंतीशी बांधणाऱ्या स्प्रिंगचा ताठपणा मीटरला १००० न्यूटन. छोटी गाडी १ किलोची, दोघींमधली स्प्रिंग १०० न्यूटन प्रति मीटर. चाकांचं घर्षण सध्या सोडून देऊ. मोठ्या गाडीला मागे-पुढे ढकलणारं बल लावलंय आणि त्याची वारंवारता आपण सावकाश वाढवतोय. सेकंदाला १० रेडियनपाशी आलो की मोठी गाडी जागच्या जागी थांबते. बल तिच्यावरच लागतंय, पण हलतेय फक्त छोटी.

हे का होतं, ते समीकरणातून काढता येतंच. पण हीच रचना विद्युत मंडलाच्या रूपात मांडली, की उत्तर आकृतीकडे पाहूनच दिसतं.

[दृश्य: एकच गाडी, स्प्रिंग, डॅम्पर. शेजारी एकसर जोडलेलं आर-एल-सी मंडल.]

आधी एकाच गाडीकडे पाहू. तिचं समीकरण आणि एकसर मंडलाचं समीकरण एकाखाली एक लिहिलं, तर साचा एकच दिसतो.

```
M x'' + B x' + K x   = f
L q'' + R q' + q / C = v
```

बलाच्या जागी व्होल्टेज आलं, वस्तुमानाच्या जागी इंडक्टर, डॅम्परच्या जागी रोध. स्प्रिंगच्या जागी कपॅसिटर आला, पण उलटा: स्प्रिंग जितकी ताठ, तितकी धारिता कमी. विस्थापनाची जागा प्रभाराने घेतली आणि वेगाची जागा विद्युतधारेने.

इथे एक चूक फार सहज होते. मंडलात आउटपुट म्हणून कपॅसिटरवरचं व्होल्टेज घ्यायची आपल्याला सवय असते, आणि त्याचं ट्रान्सफर फंक्शन जसंच्या तसं गाडीच्या विस्थापनाला लावलं जातं. छेद तर हुबेहूब तोच येतो, म्हणून शंकाही येत नाही. पण कपॅसिटरवरचं व्होल्टेज म्हणजे प्रभार भागिले धारिता, आणि त्याची जोडी स्प्रिंगमधल्या बलाशी आहे, विस्थापनाशी नाही. विस्थापनाची जोडी प्रभाराशी. तपासायचं असेल तर s शून्य ठेवून पाहा. स्थिर बलाखाली गाडी बल भागिले ताठपणा इतकी सरकायला हवी. उत्तर नुसतं १ आलं, तर तुम्ही विस्थापन नव्हे, स्प्रिंगचं बल मोजताय.

[दृश्य: पुन्हा दोन गाड्या. दोघींखाली वेगाचे दोन बाण.]

आता दोन गाड्या. आकृतीत भिंत, स्प्रिंग, गाडी, स्प्रिंग, गाडी अशी माळ दिसते. त्यामुळे हात आपोआप सगळे घटक एका लूपमध्ये ओवायला जातो. तसं केलं तर दोन्ही इंडक्टरमधून एकच धारा वाहील. धारा म्हणजे वेग, म्हणजे दोन्ही गाड्या कायम एकाच वेगाने चालल्या, जणू मधली स्प्रिंग लोखंडी सळई आहे. हे मंडल वेगळ्याच यंत्राचं झालं.

म्हणून चित्राची माळ विसरायची आणि स्वतंत्र वेग मोजायचे. इथे वेग दोन, तेव्हा लूपही दोन. मग प्रत्येक घटकाला एकच प्रश्न विचारायचा: तुझ्यावर कोणाचा वेग लागू होतो? मोठ्या गाडीला आणि भिंतीच्या स्प्रिंगला फक्त पहिला वेग माहीत आहे, म्हणून ते पहिल्या लूपमध्ये. छोट्या गाडीला फक्त दुसरा. मधली स्प्रिंग मात्र दोन वेगांच्या फरकाने दाबली जाते, म्हणून तिचा कपॅसिटर दोन्ही लूपच्या सामाईक शाखेत बसतो.

[दृश्य: मंडल तयार होतं. डाव्या लूपमध्ये स्रोत, १० हेन्री आणि १ मिलिफॅरड. मधल्या शाखेत १० मिलिफॅरड. उजवीकडे १ हेन्री.]

आता हे मंडल स्रोताच्या बाजूने पाहा. पहिला इंडक्टर आणि पहिला कपॅसिटर एकसर आहेत. त्यांच्या पुढे उरलेले दोघे, मधला कपॅसिटर आणि छोट्या गाडीचा इंडक्टर, एकमेकांना समांतर आहेत. दोन समीकरणं मांडून त्यातलं एक चल काढून टाकायची खटपट करावी लागत नाही. इम्पीडन्स सरळ बेरजेत लिहिता येतो.

```
V / I1  = 10 s + 1000 / s + 100 s / (s² + 100)

X1 / F  = Q1 / V = (s² + 100) / (10 s⁴ + 2100 s² + 100000)
```

पहिल्या ओळीवरून दुसरीवर येताना धारेला s ने भागलं, कारण आपल्याला वेग नको, विस्थापन हवंय. s शून्य ठेवला की एक सहस्रांश येतो, म्हणजे १ भागिले १०००, भिंतीच्या स्प्रिंगच्या ताठपणाचा व्यस्त. तपासणी जुळली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. समांतर जोडलेला इंडक्टर आणि कपॅसिटर अनुनादाला पोचले, की त्यांचा इम्पीडन्स अनंत होतो. १ हेन्री आणि १० मिलिफॅरड यांचा अनुनाद सेकंदाला १० रेडियनवरच येतो. त्या क्षणी त्यांच्या पलीकडच्या स्रोताला वाटच बंद होते आणि पहिल्या लूपमधली धारा शून्य होते. पहिल्या लूपची धारा म्हणजे मोठ्या गाडीचा वेग. अंशातला s² + 100 हेच सांगत असतो; मंडलात त्याचं कारण बोट ठेवून दाखवता येतं. लावलेलं सगळं व्होल्टेज त्या समांतर जोडीवर पडतं. गाड्यांच्या भाषेत, छोटी गाडी दर न्यूटनामागे १ सेंटिमीटर हलते आणि मधल्या स्प्रिंगचं बल बाहेरच्या बलाला बरोबर तोडीस तोड उलटं होतं.

जर्मन अभियंते हर्मान फ्राम यांनी १९०९ मध्ये कंपन शोषणाऱ्या अशाच साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. त्याची मर्यादाही छेदात दिसते. त्याची मुळं ८.५४ आणि ११.७१ रेडियन प्रति सेकंदाशी आहेत, म्हणजे शांत जागेच्या दोन्ही बाजूंना नवे अनुनाद उभे राहतात. यंत्राचा वेग थोडा ढळला, तर मोठी गाडी पुन्हा जोरात हलू लागेल.

[दृश्य: मधल्या स्प्रिंगला लागून डॅम्पर बसवला जातो.]

म्हणून मधल्या स्प्रिंगच्या बाजूला डॅम्पर लावतात. इथेही जोडणी उलटते. यंत्रात डॅम्पर आणि स्प्रिंग शेजारी-शेजारी असतात, दोघांवर वेगाचा फरक एकच आणि बलांची बेरीज होते. म्हणून मंडलात रोध कपॅसिटरशी एकसर बसतो, समांतर नाही. मीटर प्रति सेकंदाला १ न्यूटन इतका डॅम्पर, म्हणजे १ ओहम, ठेवून १० रेडियनवर हिशेब केला, तर समांतर जोडीचा इम्पीडन्स अनंत न राहता सुमारे १०० ओहमवर येतो. मोठी गाडी आता पूर्ण थांबत नाही, दर न्यूटनामागे साधारण १ मिलिमीटर हलते. बदल्यात बाजूचे दोन्ही अनुनाद आटोक्यात येतात.

[दृश्य: मंडलाची दुसरी आकृती उमटते.]

एकसर आणि समांतर यांची ही उलटापालट नको असेल, तर अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९३३ मध्ये मांडलेली दुसरी जोडी आहे. तिच्यात बल म्हणजे धारा, वेग म्हणजे व्होल्टेज, वस्तुमान म्हणजे कपॅसिटर, स्प्रिंग म्हणजे इंडक्टर. माळ होती तशीच राहते, लूपऐवजी नोड मोजायचे. फक्त वस्तुमानाच्या कपॅसिटरचं एक टोक नेहमी भूमीला जोडायचं, कारण वस्तुमानाचं त्वरण जमिनीच्या संदर्भात मोजलं जातं. नोड समीकरणांतून पहिल्या नोडचं व्होल्टेज काढून त्याला s ने भागलं, की अंशात पुन्हा तोच s² + 100 आणि छेदात तेच तीन सहगुणक येतात.