पेपर कधी, पाळी कोणती
(ठाण्यात नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात बरीच वर्षं सुपरवायझर होतो. पाळ्यांचा तक्ता मीच लावायचो, तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते आज सांगतो.

एक मुलगा पेपरच्या आदल्या संध्याकाळी आला. "साहेब, उद्या परीक्षा आहे." त्याच्या मशीनवर बसवायला माझ्याकडे माणूस नव्हता. मी नाही म्हणालो, आणि त्याचा तो पेपर गेला. ते मला अजून लागतं, कारण फॉर्म भरला तेव्हाच, म्हणजे तीन महिने आधी, परीक्षा कोणत्या महिन्यात आहे हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा नुसतं "डिसेंबरात माझी परीक्षा आहे, तारखा आल्या की लगेच देतो" एवढं कानावर घातलं असतं, तरी मी त्या महिन्यात दुसऱ्याची गावची रजा मंजूर करताना थांबलो असतो.

वेळापत्रक हातात आलं की त्याच दिवशी दुसऱ्यांदा भेटायचं, तेही लेखी अर्ज घेऊन. आमच्याकडे पुढच्या महिन्याचा तक्ता 25 तारखेला लागायचा, त्यामुळे 20 पर्यंत आलेल्या अर्जाला जागा करता यायची. तुमच्याकडे तक्ता कधी लागतो ते आधी विचारून ठेवा. 1948 च्या कारखाने अधिनियमात पगारी रजेचा अर्ज किमान 15 दिवस आधी लेखी द्यायचा, आणि अशी रजा वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा घेता येत नाही, असं कलम होतं. बऱ्याच कारखान्यांची पद्धत त्यावरच बसलेली आहे. हे 'तीन वेळा' मुलांच्या लक्षात येत नाही.

समजा पेपर 10, 12, 14, 17 आणि 19 तारखेला आहेत, सकाळी 11 ते दीड, केंद्र ठाण्यात. प्रत्येक पेपरला एकेक दिवस मागितलात, तर रजा पाच वेळा झाली. त्याऐवजी पहिले दोन पेपर अवघड असतील तर 9 ते 12 अशी सलग चार दिवस रजा मागा. ती एकदाच मोजली जाते. उरलेल्या तीन पेपरांना रजा नको, दुसरी पाळी मागा. ती तीनला सुरू होते, ठाण्याहून रबाळं लोकलने जवळ आहे, आणि आदल्या रात्री अकराला सुटलात तरी झोप मिळते. रात्रपाळी तेवढी त्या दिवसांत नको, हे अर्जात स्पष्ट लिहा. जागा बदलून घ्यायला कोण तयार आहे, त्याचं नावही त्याला विचारून लिहा. सुपरवायझरला सगळ्यात आधी तेच हवं असतं.

साहेब "बघू" म्हणाले तर ती मंजुरी समजू नका. अर्जाच्या प्रतीवर सही घ्या आणि तक्ता लागला की आपल्या नावापुढच्या त्या तारखा स्वतः तपासा. विद्यापीठाने पेपर पुढे ढकलला, तर ती सूचना त्याच दिवशी नेऊन दाखवा. जुन्या तारखेची रजा परत करून नवी मागणारा माणूस मी कधी अडवला नाही.