तेजस, तेहास आणि तेयास

नमस्कार, श्रोतेहो. माझं नाव तेजस. तुमच्या कानाला यात अडखळण्यासारखं काहीच वाटणार नाही. पण माझं काम परदेशी ग्राहकांबरोबर चालतं, आणि तिथे याच नावाची तीन वेगवेगळी रूपं मी ऐकली आहेत.

टेक्सासमधल्या एका ग्राहकाने पहिल्याच कॉलवर मला ‘तेहास’ म्हणून हाक मारली. त्याचं काही चुकलं नव्हतं. Tejas हे टेक्सासचंच स्पॅनिश नाव आहे, आणि स्पॅनिशमध्ये जे या अक्षराचा उच्चार ह-ख यांच्या मधला होतो. त्याच शब्दाचा तिथे आणखी एक अर्थ आहे, घरावरची कौलं! जर्मनीतल्या बाईंनी ‘तेयास’ म्हटलं, कारण त्यांच्याकडे जे म्हणजे य. आणि इंग्रज माणूस ‘टीजॅस’ म्हणतो. आपण अ आणि आ दोन्हींसाठी एकच ए अक्षर लिहितो, मग बिचाऱ्याला कळणार कसं?

म्हणजे समोरचा माणूस निष्काळजी नसतो, तो आपल्या स्पेलिंगला त्याच्या भाषेचे नियम लावत असतो. म्हणून मी आधी एक करतो. ज्याने माझं नाव कधी ऐकलेलं नाही अशा माणसाला ते फक्त वाचायला सांगतो आणि तो कुठे घसरतो ते टिपून ठेवतो. माझ्या नावात दोन जागा निघाल्या, पहिला ‘ते’ आणि मधला ‘ज’.

इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी मी आता मीटिंगच्या पडद्यावर आणि ईमेलच्या सहीत नाव असं लिहितो: Tejas (TAY-juss). टे हा ‘डे’सारखा, आणि जस म्हणजे ‘जस्ट’मधला शेवटचा ट काढून टाकलेला. मोठी अक्षरं अशासाठी की इंग्रजी माणूस प्रत्येक नावात एका अवयवावर जोर देतोच. तो कुठे द्यायचा हे आपण सांगितलं नाही, तर तो स्वतःच जागा निवडतो.

पण हे लिखाण जर्मन माणसाला उपयोगाचं नाही. TAY तो ‘ताय’ वाचेल. त्या बाईंसाठी मी वेगळी खूण शोधली. जर्मनमध्ये चहाला Tee म्हणतात, उच्चार अगदी आपला ‘ते’. आणि ‘ज’ हवा असेल तर ते चार अक्षरं लिहितात, Dsch. त्यांचा Dschungel म्हणजे आपलंच जंगल, हा शब्द भारतातून इंग्रजीत गेला आणि तिथून त्यांच्याकडे पोचला. मी म्हटलं, “आधी चहा, मग जंगलाची सुरुवात.” त्या खळखळून हसल्या. त्यानंतर एकदाही चुकल्या नाहीत.

दुरुस्ती कधी करायची, हा खरा अवघड भाग. माझ्या अनुभवात पहिल्या किंवा दुसऱ्या वेळीच, आणि एका वाक्यात. “इट्स टे-जस, बाय द वे,” आणि त्याच श्वासात कामाचा पुढचा मुद्दा. मध्ये थांबलं की समोरच्याला माफी मागावी लागते, आणि संकोच तिथे सुरू होतो. चार महिने गप्प राहिला असाल, तर चूक स्वतःकडे घ्या: “हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.” हे बैठकीत सगळ्यांसमोर नको, दोघंच असताना बोला.

त्याहून सोपी वाट म्हणजे आपण आधी त्यांचं नाव विचारावं. आयर्लंडच्या एका बाईंचं नाव पडद्यावर Siobhán असं दिसत होतं. मी विचारलं, तेव्हा कळलं की ते ‘शिव्हॉन’ आहे. लगेच त्यांनीच विचारलं, “आणि तुमचं?” मला काही सुचवावंही लागलं नाही.

लिंक्डइनवर मोबाइल ॲपमधून दहा सेकंदांपर्यंत आपल्या नावाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवता येतो. त्यात नाव एकदा सावकाश म्हणा, थोडं थांबा, मग नेहमीच्या वेगाने आडनावासकट म्हणा. नाव आणि आडनाव यांच्यात श्वासभर जागा ठेवा; घाईत आपण दोन्ही जोडून टाकतो आणि एक कुठे संपलं, दुसरं कुठे सुरू झालं हे परक्या कानाला कळत नाही.

सगळंच दुरुस्त करायच्या मागे मात्र मी लागत नाही. आपला दंत्य ‘त’ इंग्रजी बोलणाऱ्यांच्या जिभेला नाही, ते ‘टेजस’च म्हणणार. तसंच कमळामधला ‘ळ’, धनंजयमधला ‘ध’. हे मागत बसलो तर समोरचा माणूस घाबरून नावच घेईनासा होतो. म्हणून मी दोनच गोष्टी मागतो: ‘ते’ला ‘टी’ करू नका, आणि ‘ज’ला ‘ज’ राहू द्या.

टेक्साससाठी मला वेगळी खूण शोधावी लागली नाही. मी त्या गृहस्थांना एवढंच म्हटलं, “तुमच्या राज्याचंच नाव, फक्त जे इंग्रजीतला.” परवा त्यांनी नव्या सहकाऱ्याशी माझी ओळख करून दिली: “हा टेजस. स्पेलिंग आपल्या राज्याचं, उच्चार त्याचा.”