डप् आणि टक् यांच्यामधली फट

[टेबलावर बोटांनी: लब्-डप्... लब्-डप्...]

नमस्कार. हे आत्ता वाजवलं ते नेहमीचं हृदय. आता हे ऐका.

[जोरात: लब्! डप्-टक्... घुर्रर्र... लब्! डप्-टक्... घुर्रर्र...]

पहिला ठोका दणकून आला, डप्‌च्या मागे एक ‘टक्’ आला आणि त्यामागे घरघर. आजचा सगळा व्हिडिओ त्या ‘टक्’वर आहे. खरं म्हणजे ‘टक्’वरही नाही, ‘डप्’ आणि ‘टक्’ यांच्यामध्ये जी बारीकशी फट आहे, तिच्यावर.

आधी साधं हृदय बघू. डावी बाजूच घेऊ, खरा जोर तिथेच असतो. वरचा कप्पा, खालचा कप्पा, मध्ये मायट्रल झडप. खालच्या कप्प्यातून महाधमनीत जाताना एऑर्टिक झडप. नाडी मिनिटाला 75 असेल तर एक फेरी 0.8 सेकंदांची. खालचा कप्पा आवळायला लागतो, त्यातला दाब वरच्या कप्प्यापेक्षा वाढतो आणि मायट्रल बंद होते. हा ‘लब्’. साधारण 0.3 सेकंदांनी कप्पा सैल पडतो, दाब महाधमनीपेक्षा खाली येतो आणि एऑर्टिक बंद होते. हा ‘डप्’. उरलेला अर्धा सेकंद भरण्याचा. उजवीकडेही दोन झडपा जवळजवळ त्याच वेळी लागतात, त्या आज बाजूला ठेवू.

म्हणजे ऐकू येतं ते लागणं. निरोगी झडप उघडताना आवाज करत नाही.

आणि एक गोष्ट पुस्तकातल्या आकृतीत असते, पण डोक्यात राहत नाही. ‘लब्’ झाल्या झाल्या एऑर्टिक उघडत नाही. सुमारे 0.05 सेकंद दोन्ही दारं बंद असतात, आतला दाब वाढत असतो. ‘डप्’नंतरही तसंच, दोन्ही दारं बंद आणि दाब उतरत असतो. मायट्रल गळकी असेल तर तिचा मर्मर, म्हणजे रक्त वाहण्याचा खरखरता आवाज, पहिल्या ठोक्याला चिकटूनच सुरू होतो, कारण गळतीला एऑर्टिक उघडण्याची वाट बघावी लागत नाही. एऑर्टिक अरुंद असेल तर तिचा मर्मर ती उघडेपर्यंत थांबतो. पहिला ठोका, क्षणभर शांतता, मग खरखर वाढते आणि उतरते. दोन्ही मर्मर ‘लब्’ आणि ‘डप्’च्या मधले, पण सुरुवात वेगळी.

आता आपला ‘टक्’. लहानपणी घसा दुखून नंतर रुमॅटिक फीवर येतो, सांधे सुजतात, बरे होतात, घरचे विसरून जातात. पुढे काही वर्षांनी मायट्रलच्या दोन पडद्यांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या सापडतात. कडा चिकटल्या, पण पडद्याचा मधला भाग अजून लवचिक आहे. मग झडप उघडताना तो भाग वाऱ्याने शीड फुगावं तसा खाली फुगतो आणि चिकटलेल्या कडांमुळे झटक्यात अडतो. तो झटका म्हणजे ‘टक्’. डॉक्टर त्याला ओपनिंग स्नॅप म्हणतात.

फट कशी ठरते? एक लिफ्ट वरून खाली येतेय असं समजा. लिफ्ट म्हणजे खालच्या कप्प्यातला दाब. ‘डप्’ वाजलं तेव्हा तो पाऱ्याच्या शंभर मिलिमीटरच्या आसपास होता, आता भराभर उतरतोय. वरच्या कप्प्यातला दाब म्हणजे लिफ्टची वाट बघत उभा असलेला माणूस. लिफ्ट त्याच्यापाशी पोचली की मायट्रल उघडते. निरोगी हृदयात हा माणूस आठ-दहाच्या पातळीवर उभा असतो. झडप अरुंद झाली की रक्त मागे तुंबतं आणि माणूस पंचविसावर चढून बसतो. लिफ्ट त्याला लवकर भेटते. म्हणून झडप जितकी अरुंद, तितका ‘टक्’ ‘डप्’च्या जवळ. साधारण 0.12 पासून 0.04 सेकंदापर्यंत ही फट असते. तबल्यावर जलद ‘तिरकिट’ वाजतं, त्यातल्या दोन बोलांमधलं अंतर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतं. तेवढं अंतर असेल तर अरुंदपणा बहुधा सौम्य. दोन्ही आवाज एकमेकांत घुसायला लागले तर गंभीर.

एक बाई आठवते. तिशीच्या आतली, सातवा महिना. रात्री आडवी पडली की धाप, मग उठून खिडकीशी बसायची. आमच्याकडे येण्याआधी कुठेतरी तिला दमा ठरवून महिनोन्‌महिने पंप दिलेला. नाडी 110. एवढ्या वेगात ‘लब्’ कुठला आणि ‘डप्’ कुठला हेच कळत नाही. अशा वेळी एक बोट मानेतल्या धमनीवर ठेवायचं. तिथला ठोका ‘लब्’च्या लगेच मागे लागतो. मनगटावरची नाडी उशिरा पोचते, ती फसवते.

डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. स्टेथोची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, हृदयाच्या टोकावर हलकेच टेकवली. दाबली तर तीच चपट्या बाजूसारखी वागते आणि खालच्या सुरातली घरघर गाळून टाकते. मग चपटी बाजू लावून थोडं आत सरकले, तेव्हा ‘टक्’ मिळाला. ‘डप्’ला जवळजवळ चिकटलेला.

पण हा दुभंगलेला ‘डप्’ कशावरून नव्हे? फुप्फुसाकडची झडप जरा उशिरा लागली तरी ‘ड-डप्’ असं ऐकू येतं. तिला आधार देऊन उभं केलं. उभं राहिल्यावर हृदयाकडे रक्त कमी येतं, वरच्या कप्प्यातला दाब उतरतो, माणूस एक-दोन मजले खाली सरकतो आणि फट रुंदावते. दुभंगलेला ‘डप्’ असता तर दोन तुकडे उलट जवळ आले असते. तिची फट किंचित रुंदावली.

पहिला ठोका एवढा दणकट का? तर ‘लब्’च्या क्षणापर्यंत वरचा जास्तीचा दाब झडपेला उघडी धरून ठेवतो. पूर्ण उघडं दार वाऱ्याने आपटावं, तसं.

आणि घरघर? ती अरुंद झडपेतून रक्त घुसण्याची. इथे माझे विद्यार्थी हमखास चुकतात. मोठी घरघर म्हणजे मोठा आजार, असं नाही. बघायचं ती किती वेळ टिकते ते. रक्तप्रवाहच मंदावला तर गंभीर झडपही कुजबुजते.

फटीवरही डोळे मिटून विश्वास नको. नाडी जलद असली की फट तशीही आखडते. तिच्या बाबतीत 110 चा वाटा त्यात होताच. हृदयाची लय बेताल झाली तर फट प्रत्येक ठोक्याला बदलते. आणि झडपेत कॅल्शियम साचून ती दगडासारखी झाली की ‘टक्’ नाहीसा होतो, ‘लब्’ही मऊ पडतो. ‘टक्’ नाही म्हणून बरं वाटून घेणारा तिथे फसतो.

एकोमध्ये तिची झडप एक चौरस सेंटिमीटर निघाली. निरोगी झडप चार ते सहा. तिला श्वास का पुरेना तेही त्यात आलं: गरोदरपणात रक्त वाढतं, नाडी वाढते, आणि नाडी वाढली की कापला जातो तो मुख्यतः भरण्याचा वेळ. 75 ला अर्धा सेकंद मिळतो, 110 ला जेमतेम पाव. आधी नाडी मंद करायची आणि पाणी उतरवायचं औषध दिलं. त्यावर भागलं नाही, म्हणून मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन चिकटलेल्या कडा मोकळ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी नाडी 84. पुन्हा कुशीवर वळवलं, पुन्हा ऐकलं.

[टेबलावर: लब्-डप्... टक्... लब्-डप्... टक्...]

‘टक्’ होताच. फक्त ‘डप्’पासून सुटून लांब उभा होता.