गाळा ठरवण्याआधी: भाडं, लाईट आणि माणसं
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: शहराच्या कडेचा रस्ता. दोन्ही बाजूंना पत्र्याची शेड. कॅमेरा विजेच्या खांबांच्या रांगेवरून सरकत शेवटच्या खांबापाशी थांबतो.]

वस्ती विरळ होत गेली की पत्र्याची शेड दिसायला लागतात. जागा मोठी, भाडं कमी, आवाजाची तक्रार करायला शेजारी नाहीत. लहान वर्कशॉप काढणारा माणूस इथे येतो तो याच कारणांसाठी. शेडचा मालकही तेच दाखवतो: उंच छत, रुंद शटर, टेम्पो वळायला पुढे अंगण. पण आपण आत जाण्याआधी बाहेर हे खांब बघू. ट्रान्सफॉर्मर, ज्याला सगळे डीपी म्हणतात, तो मागे राहिला. तिथून निघालेली लाईन या शेवटच्या खांबावर येऊन संपते आणि इथूनच शेडला लाईट जाते.

[दृश्य: वर्कशॉपचा होऊ घातलेला मालक वहीत यंत्रांची यादी लिहितो आहे. हाताचा जवळून शॉट.]

यांनी बरीच वर्षं टर्नर म्हणून दुसऱ्याकडे काम केलं. आता स्वतःचं वर्कशॉप काढायचं आहे. 3 एचपीची दोन लेथ, तेवढ्याच ताकदीचं एक मिलिंग मशीन, ड्रिल, ग्राइंडर, साडेसात एचपीचा कॉम्प्रेसर आणि एक वेल्डिंग सेट. मोटारी आणि वेल्डिंग सगळं मिळून जोडभार 19-20 किलोवॅटच्या घरात जातो. सगळं एकाच वेळी चालत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात एका वेळी ओढली जाणारी वीज 11-12 किलोवॅट धरली आहे. कामाला सहा माणसं लागतील.

जागा दोन आहेत. पहिली ही, शेवटच्या खांबाजवळची. हिचं महिन्याचं भाडं एका कामगाराच्या महिन्याच्या सरासरी पगाराएवढं आहे. दुसरी जागा अलीकडे, जुन्या वर्कशॉपच्या रांगेत. आकाराने लहान, आणि भाडं दीड पगाराएवढं.

म्हणजे फरक अर्ध्या पगाराचा. वहीच्या याच पानावर त्यांनी तो फरक वेळेत मोडून पाहिला आणि हा हिशोब प्रत्येक वर्कशॉपवाल्याने करायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं. महिन्यात कामाचे 26 दिवस धरले तर अर्धा पगार म्हणजे 13 दिवसांची मजुरी. सहा माणसांचे मिळून महिन्यात 156 दिवस भरतात. 156 मधले 13 म्हणजे बारावा हिस्सा, आणि आठ तासांच्या पाळीचा बारावा हिस्सा 40 मिनिटांचा. स्वस्त जागेत रोज सरासरी 40 मिनिटं सहाही माणसं हातावर हात ठेवून बसली, तर वाचलेलं भाडं पगारातच गेलं. यंत्रांच्या कर्जाचा हप्ता यात धरलेलाच नाही.

आता ही 40 मिनिटं कुठे जाऊ शकतात ते पाहू.

[दृश्य: शेडमधला मीटर-बोर्ड. वायरमन झाकण उघडतो. मल्टीमीटरच्या पडद्यावर आकडे.]

‘थ्री फेज आहे ना?’ असं विचारलं की उत्तर ‘आहे की’ असंच येतं. ते खोटं नसतं. पण मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने त्या जोडणीला मंजूर केलेली विजेची मर्यादा, किती ते बिलावर पाहावं लागतं. या शेडचा मंजूर भार 5 किलोवॅट निघाला. आधीचा भाडेकरू इथे माल साठवायचा, त्याला तेवढा पुरत होता. भार वाढवून मिळेल की नाही, हे डीपीवर शिल्लक किती आहे त्यावर ठरतं. ते वीज कंपनीच्या कार्यालयातून लेखी आणावं लागतं, शेडमालकाच्या तोंडी भरवशावर सोडता येत नाही.

सकाळी 11 वाजता, काहीच चालू नसताना, तिन्ही फेजमधला दाब, म्हणजे व्होल्टेज, 398, 399, 398. चारशेची लाईन, उत्तम वाटते. बहुतेक जण इथेच समाधानाने मीटर बंद करतात. पण तारेतून करंट वाहतो तेव्हाच तारेत दाब खर्ची पडतो. रिकाम्या लाईनवरचा आकडा लाईनच्या ताकदीबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून वायरमन संध्याकाळी 7 वाजता पुन्हा आला.

[दृश्य: संध्याकाळ. आसपासच्या घरांत दिवे. मल्टीमीटरचा जवळून शॉट: 392, 400, 378.]

आता तीन फेजमध्ये तीन वेगवेगळे आकडे. डीपीवर घरांचा भार चढला, पण तो तिन्ही फेजवर सारखा वाटलेला नाही. हिशोब असा करतात: तिघांची सरासरी 390. तिच्यापासून सर्वांत लांबचा आकडा 378, म्हणजे 12 व्होल्टचा फरक. 12 भागिले 390, म्हणजे 3 टक्क्यांहून थोडा जास्त असमतोल.

3 टक्के ऐकायला किरकोळ आहे. मोटारीला तो किरकोळ नाही. दाबातल्या असमतोलाच्या साधारण सहा ते दहा पट असमतोल करंटमध्ये उतरतो. एका वेटोळ्यातून गरजेपेक्षा जास्त करंट जातो आणि मोटार तापते. थंब रूल असा की असमतोलाच्या टक्क्यांचा वर्ग करून दुप्पट करा, तापमानवाढीत तेवढे टक्के भर पडते. इथे ती 18-19 टक्के येते. मोटार त्या दिवशी जळत नाही. वेटोळ्यांवरचं इन्सुलेशन हळूहळू भाजत जातं आणि रिवाइंडिंगची वेळ लवकर येते.

[दृश्य: शेजारच्या शेडमधला कॉम्प्रेसर. कामगार हिरवं बटण दाबतो. मोटारीचा घुंई असा जड आवाज.]

याच लाईनवर शेजारी साडेसात एचपीचा कॉम्प्रेसर आहे. त्यांना विनंती केली, आम्ही सांगू तेव्हा सुरू करा. थेट सुरू होणारी मोटार पहिल्या काही सेकंदांत नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. मल्टीमीटरचा साधा आकडा एवढा भरभर बदलत नाही, म्हणून त्यावर किमान आकडा धरून ठेवणारी सोय चालू केली. आकडा आला 322.

हा 400 चा 80 टक्के झाला. आणि मोटारीचा पीळ, म्हणजे टॉर्क, दाबाच्या वर्गाने घटतो. 80 टक्के दाबाला सुरुवातीचा पीळ जेमतेम 65 टक्के उरतो. टाकीत हवा भरलेली असेल तर कॉम्प्रेसर फिरायलाच कुरकुरतो.

आता हा आवाज नीट ऐका. 

[निवेदन थांबतं. स्टार्टरच्या पेटीतून कडकड-कडकड आवाज.]

स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच, ओढून घेतो, सुटतो, पुन्हा ओढतो. त्याच्या कॉइलला नीट ओढून घ्यायला ठरलेल्या दाबाच्या 85 टक्के तरी लागतात. इथे मिळाले 80. प्रत्येक कडकडीत ठिणग्या संपर्काच्या टिकल्या खात आहेत. मीटर हाताशी नसेल, तरी शेड बघायला गेल्यावर शेजारच्या स्टार्टरला कान लावा. लाईन कमजोर आहे हे तो आवाजच सांगतो.

दोष लाईनचा की डीपीचाच, हेही कळू शकतं. संध्याकाळी त्याच वेळी दुसऱ्या माणसाने डीपीजवळच्या शेडमध्ये दाब मोजला. तिथे कॉम्प्रेसर सुरू होतानाही आकडा 380 च्या खाली गेला नाही. म्हणजे डीपी ठीक, दाब लांब लाईन खाते आहे. मीटरनंतरची केबल आपली, ती जाड टाकता येते. पण हे खांब आणि या तारा आपल्या नाहीत. स्टेबिलायझरनेही हे सुटत नाही: दाब वर उचलण्यासाठी तो लाईनमधून आणखी करंट ओढतो, म्हणजे लाईनवरचा ताण वाढतोच. स्टार-डेल्टा स्टार्टरने सुरुवातीचा करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो, पण पीळही तेवढाच उतरतो. टाकी रिकामी असतानाच सुरू करायची शिस्त पाळली तर तो उपाय चालतो.

[दृश्य: जनरेटरवरचा तास मोजणारा मीटर. लेथवर अडकलेला जॉब, टोकाशी तुटलेली टिप.]

लाईट किती वेळा जाते, हे प्रत्येक जण आपापल्या रागानुसार सांगतो. त्यापेक्षा शेजारच्या जनरेटरवरचा हा तासांचा मीटर वाचावा. तो कामाच्या वेळात लाईट गेली तेव्हाच फिरतो. महिन्याच्या अंतराने दोनदा वाचला. या बाजूला फरक आला 22 तास. 26 दिवसांवर वाटला तर दिवसाला 50 मिनिटं. अलीकडच्या रांगेत तोच फरक 4 तास, म्हणजे दिवसाला 9 मिनिटं.

40 मिनिटांची रेघ इथेच ओलांडली गेली. आणि ही नुसती बसून राहण्याची मिनिटं आहेत. लेथवर कट चालू असताना लाईट गेली तर कार्बाइडची टिप जॉबमध्ये अडकून अशी तुटते. आटे पाडत असताना गेली तर बऱ्याचदा जॉबच भंगारात जातो. जनरेटर घेता येतो, पण मग त्याचा हप्ता आणि डिझेल स्वस्त भाड्याच्या रकान्यातच लिहायला हवं.

[दृश्य: बसथांबा. पाळी सुटल्यावर अंधारात चालत जाणारी माणसं, मोबाइलचा उजेड रस्त्यावर.]

माणसांचा प्रश्न मालक स्वतःच्या दुचाकीवरून पाहतात आणि तिथेच चुकतात. बसथांब्यापासून शेवटच्या शेडपर्यंत चालत अर्धा तास लागतो. आम्ही या माणसांबरोबर चाललो. सकाळी वाटेत चार शेड लागतात आणि त्या चारांतही टर्नर हवाच असतो. हेल्पर जवळच्या वस्तीत मिळतो. पण ड्रॉइंग वाचून शतांश मिलिमीटरमध्ये काम काढणारा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाकडून येतो, आणि जागा त्याच्या पायांनी मोजायला हवी. जागा पक्की करण्याआधी एकदा बसने जावं आणि पाळी सुटायच्या वेळी बसनेच परतावं. शेवटची बस किती वाजता, उशिरा थांबलं तर परत कसं जायचं, हे त्या एका फेरीत कळतं.

रांगेतल्या जागेचा तोटाही आहे. शेजारी वर्कशॉप असलं की चांगली माणसं ओढली जातात, थोडा जास्त पगार द्यावा लागतो. पण ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट हाकेच्या अंतरावर मिळतं, आणि एक माणूस रजेवर गेला तर दिवसाचं काम बाहेरून करून घेता येतं.

[दृश्य: दुसरी जागा. क्रेनवरून लेथ उतरते आहे. लेव्हल लावून पायाचे बोल्ट आवळले जातात.]

त्यांनी रांगेतली जागा घेतली. करारात तीन गोष्टी लिहून घेतल्या: 20 किलोवॅटपर्यंत भारवाढीला मालकाची संमती, आधीच्या बिलाची थकबाकी मालकाच्या माथी, आणि भार मंजूर होईपर्यंत भाडं निम्मं. वेल्डिंग सेट दोन फेजवर चालतो, म्हणून बाकीचा एकफेजी भार वायरमनने तिसऱ्या फेजवर टाकला. जागा लहान असल्याने मिलिंग मशीन पुढच्या वर्षावर गेलं आणि लांबून येणारा एक फिटर कामावर रुजू होऊ शकला नाही. संध्याकाळी 7 वाजता, कॉम्प्रेसर सुरू होताना, बोर्डवरचा किमान आकडा 381 आला.