‘रिप्लेस ऑल’ दाबण्याआधी : प्रबंधाचे मुद्रितशोधन
(एम.ए. मराठीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुद्रितशोधनाबद्दल बोलायचे तर पुस्तके, जाहिराती, माहितीपत्रके असे पुष्कळ काही आहे. पण तुमच्यापैकी बहुतेकांना पहिले काम मिळेल ते कुणाच्या तरी पीएच.डी.च्या प्रबंधाचे. म्हणून मी आज एकाच प्रबंधाविषयी बोलणार आहे. त्यातही मुख्य प्रश्न एकच घेतो : कोणती दुरुस्ती संपूर्ण मजकुरात एकदम करता येते आणि कोणती शब्दागणिक थांबून करावी लागते.

प्रबंध समाजशास्त्राचा होता. विषय, मराठवाड्यातल्या भूमिहीन शेतमजूर स्त्रिया. मार्गदर्शकांनी कच्च्या प्रतीवर शेरा दिला होता, ‘ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्या.’ विद्यार्थिनीला कुणीतरी नियम सांगितला की मराठीत शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ असते. नियम बरोबरच आहे. साहित्य महामंडळाचे जे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले, १९६२ सालचे चौदा आणि १९७२ सालचे चार, त्यांत तो आहे. संस्कृतात कवि, गति, भूमि असे शब्द ऱ्हस्व असले तरी मराठीत आपण ते कवी, गती, भूमी असे लिहितो. तिने मग संगणकाला सांगितले, ‘भूमि’ दिसेल तिथे ‘भूमी’ कर, ‘कृषि’चे ‘कृषी’ कर, ‘व्यक्ति’चे ‘व्यक्ती’ कर. रिप्लेस ऑल.

माझ्याकडे फाइल आली तेव्हा पहिल्या प्रकरणाचे शीर्षक होते, ‘संशोधनामागील भूमीका’.

पुढे भूमीहीन, कृषीप्रधान, व्यक्तीगत. शेकडो जागा. त्याच नियमाचा दुसरा भाग तिला कुणी सांगितलाच नव्हता. समासात पहिले पद म्हणून तत्सम शब्द आला आणि तो मुळात ऱ्हस्वान्त असला, तर तो ऱ्हस्वच राहतो. म्हणून भूमिहीन, कृषिप्रधान, कविसंमेलन. विद्यार्थी, मंत्री, प्राणी हे मूळचे इन्नन्त, म्हणजे संस्कृतात ‘इन्’ने संपणारे, शब्दही समासात ऱ्हस्व होतात : विद्यार्थिसंख्या, मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय. उलट नदी, स्त्री हे मुळातच दीर्घ, म्हणून नदीकाठ आणि स्त्रीवाद.

आता ही दुरुस्ती परत कशी फिरवायची? उलटे रिप्लेस ऑल केले, तर बरोबर असलेले ‘भूमीवर’ आणि ‘भूमीचा’ चुकतील. म्हणून ‘भूमी’ शोधायचे, एकेका जागी थांबायचे आणि पुढे काय जोडले आहे ते पाहायचे. पुढे मराठी विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय असेल, जसे भूमीला, भूमीसाठी, व्यक्तीकडून, तर दीर्घ. पुढे समासाचे दुसरे पद किंवा संस्कृत प्रत्यय असेल, जसे भूमिगत, गतिमान, व्यक्तिशः, तर ऱ्हस्व. आणि दोन शब्द सुटे लिहिले असतील, तर पहिला पुन्हा दीर्घ : ‘कृषी विद्यापीठ’, पण ‘कृषिविद्यापीठ’. यांतले कोणते रूप ठेवायचे ते प्रबंधापुरते ठरवून एका कागदावर लिहून ठेवायचे. मी प्रत्येक कामासाठी असा कागद करतो आणि काम झाल्यावर फाइलसोबत देतो. मार्गदर्शकांनी एखाद्या रूपाबद्दल विचारले तर विद्यार्थ्याच्या हातात उत्तर असते.

मग एकदम बदलावे असे काहीच नसते का? असते, आणि याच प्रबंधात ते होते. विषय शेतीचा, त्यामुळे ‘शेतकऱ्यांना’, ‘शेतकऱ्यांचे’ हे शब्द पानोपानी. त्यातला अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा र म्हणतो, संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एक, त्याचे स्वतंत्र अक्षर आहे, ऱ. इनस्क्रिप्ट कळफलकावर ते Shift+J ने येते. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह. तेही छापून अगदी तसेच दिसते : शेतकर्‍यांना. डोळ्याला फरक नाही, पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. एका रूपाने शोध घेतलात तर दुसऱ्या रूपातल्या जागा सुटतात आणि तुम्हाला वाटते सगळे तपासून झाले. हा बदल मात्र बेलाशक एकदम करावा, कारण जोडचिन्हाचा र कुठेही आला तरी त्याचा उच्चार आणि अर्थ एकच आहे. मजकुरातूनच ते अक्षर उचलून शोधपेटीत टाकायचे आणि त्याजागी ‘ऱ्’ द्यायचा. तिसरे रूप ‘शेतकर्यांना’, हे सरळ चूक. पण त्यासाठी ‘र्य’ बदलायला गेलात तर सूर्य, कार्य, धैर्य सगळे बिघडेल. तिथे पुन्हा डोळेच लागतात.

दोन प्रकरणे तिने जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित करून घेतली होती आणि नंतर युनिकोडमध्ये बदलली होती. अशा बदलात वेलांटी जोडाक्षराच्या मधोमध अडकते, ‘स्थिती’चे ‘स्िथती’ होते. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ‘कर्म’चे ‘कमर्’ होते. हे पकडणे सोपे आहे. हलन्तानंतर लगेच ऱ्हस्व वेलांटी मराठीत कधीच येत नाही, म्हणून ‘्ि’ एवढेच शोधले की सगळ्या जागा हाती लागतात. ‘र्’ आणि त्यापुढे मोकळी जागा असे शोधले की शब्दाच्या शेवटी सरकलेले रफार सापडतात. शब्दाच्या मध्ये सरकलेले वाचतानाच दिसतील. शोध एकदम घ्या, दुरुस्ती मात्र एकेक करा.

रिप्लेस ऑलचा सर्वांत मोठा धोका अवतरणांत आहे, आणि इथे मी फार आग्रही आहे. प्रबंधात तीन प्रकारची मराठी असते. संशोधकाची स्वतःची, ती प्रमाण लेखनात हवी. मध्येच ‘असं दिसतं’ आणि मध्येच ‘असे दिसते’ असेल तर सगळीकडे ‘असे दिसते’ करा. दुसरी, जुन्या ग्रंथांतली. १९६२ पूर्वीच्या लेखनात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘पिकें’ असे अनुस्वार असतात. ते त्या काळचे शुद्ध लेखन आहे. त्याला हात लावायचा नाही, फक्त मूळ पुस्तकाशी ताडून पाहायचे. तिसरी, मुलाखतींतली. एका बाईचे वाक्य होते, “रोज कामाला जायलेत, पण मजुरी वेळंवर भेटंना.” यातले ‘वेळंवर’ चुकीचे नाही. ते ‘वेळेवर’ केले तर ती बाई जे बोललीच नाही ते तिच्या तोंडी घातल्यासारखे होईल, आणि प्रबंधाचा पुरावाच बदलेल. शंका आली तर पानाच्या समासात प्रश्न लिहायचा, ‘ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहावे’, आणि पुढे जायचे. म्हणून काम सुरू करण्याआधी मी सगळ्या अवतरणांना वेगळा रंग देतो. रंगीत मजकुरात एकही बदल प्रश्न विचारल्याशिवाय होत नाही.

शेवटी अनुक्रमणिका. दुरुस्त्यांनी मजकूर खालीवर होतो, त्यामुळे पृष्ठांक सगळ्यात शेवटी, पाने पक्की झाल्यावरच जुळवायचे. प्रकरणांची शीर्षके आत एक आणि अनुक्रमणिकेत दुसरीच, असेही हमखास सापडते.

आणि मुखपृष्ठ. या प्रबंधाच्या नोंदणीपत्रातच शीर्षक ‘भूमीहीन’ असे मंजूर झाले होते. आत मी सगळीकडे ‘भूमिहीन’ केले होते. मंजूर शीर्षक बदलणे मुद्रितशोधकाच्या अधिकारातले नाही. मुखपृष्ठावरचे शीर्षक नोंदणीशी जुळले नाही तर प्रबंध अडकू शकतो, आणि तो विद्यार्थिनीचा अडकतो. मी मार्गदर्शकांना चार ओळींचे टिपण लिहिले : योग्य रूप कोणते, कोणत्या नियमाने, आणि शीर्षकदुरुस्तीसाठी अर्ज करायचा की मंजूर रूपच ठेवायचे हे त्यांनी ठरवावे. सादर करायची तारीख जवळ आली होती. त्यांनी मुखपृष्ठावर मंजूर रूप ठेवले आणि आतला मजकूर शुद्ध रूपात राहू दिला.