पोपटीची मोहरी: एका ग्रुप फोटोतला शर्ट

[दृश्य: कोल्हापुरात रंकाळ्याचा काठ, संध्याकाळचं तिरपं ऊन. काळ्या दगडाच्या कठड्यापुढे उभं असलेलं नऊ जणांचं कुटुंब.]

आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. आजीचं बॉटल ग्रीन नऊवारी, आजोबांचा पांढरा सदरा आणि केशरी फेटा. काकूंची मरून इरकल, दोन्ही काकांचे क्रीम सदरे. सगळं ठरवून घातलेलं. आणि बरोबर मध्ये, आजोबांच्या मागे उभा असलेला नातू थेट तालमीच्या फुटबॉल प्रॅक्टिसवरून आलेला. अंगात कॉलरचा स्पोर्ट्स शर्ट, रंग झगझगीत पोपटी.

फोटो बाकी छान आहे. डोळे सगळ्यांचे उघडे आहेत, ऊन मऊ आहे. पण नजर पहिल्यांदा शर्टावर जाते आणि मग आजी-आजोबांकडे. म्हणून घरच्यांची मागणी साधी असते: "ह्याचा शर्ट तेवढा मरून करून द्या, काकूंच्या साडीसारखा."

[दृश्य: स्क्रीनवर शर्ट मरून होतो. कापड पत्र्यासारखं सपाट दिसतं.]

असा मरून शर्ट ओळखीचा आहे. रंग मरूनच असतो, तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकतं. त्याचं कारण रंगाच्या नावात नसतं, उजेडात असतं.

Photoshop मध्ये Info पॅनेल उघडून त्यात Lab आकडे दाखवायला सांगा आणि कर्सर शर्टाच्या उन्हातल्या भागावर न्या. L म्हणजे उजळपणा. काळ्याला शून्य, पांढऱ्याला शंभर. ह्या पोपटीचा L येतो 92 च्या आसपास. काकूंच्या मरून साडीचा येतो 28. म्हणजे आपण शर्टाला चौसष्ट पायऱ्या खाली ओढतोय.

एवढं खाली ओढल्यावर दोन गोष्टी बिघडतात. फिक्या कापडाच्या चुण्यांमध्ये उजेड एका घडीवरून दुसऱ्या घडीवर उडतो, त्यामुळे चुणीची सावली कधीच फार काळी होत नाही. गडद कापड तो उजेड गिळतं आणि त्याच्या चुण्या खोल दिसतात. फिका शर्ट अंधारून मरून केला, तर चुण्या राहतात फिक्या कापडाच्या आणि रंग येतो गडद कापडाचा. त्यातून ती दुधाळ, धुरकट छटा तयार होते. दुसरं म्हणजे पॉलिस्टरची चमक. खऱ्या मरून पॉलिस्टरवर खांद्यावरची पांढुरकी चमक तेवढीच राहिली असती आणि गडद पार्श्वभूमीवर उठून दिसली असती. आपण सगळंच खाली दाबलं की ती चमकही दबते.

म्हणून नवा रंग शोधताना पहिला प्रश्न उजळपणाचा. मूळ कापडाच्या वीस-पंचवीस पायऱ्यांच्या आत राहील असाच रंग घ्यायचा. उलट दिशेलाही तेच लागू. काळा शर्ट पांढरा करणं ह्याहून अवघड, कारण काळ्या कापडाच्या चुण्यांची नोंद फोटोत झालेलीच नसते. उजळ केलं की फक्त फोटोतला दाणेदारपणा वर येतो.

[दृश्य: शर्ट अगदी जवळून. छातीवर चुण्या नाहीत, नुसता सपाट पोपटी.]

ह्या शर्टाची आणखी एक अडचण आहे. फ्लोरोसंट रंग नुसता उजेड परत फेकत नाही. डोळ्याला न दिसणारे अतिनील आणि दिसणारे निळे किरण शोषून तो स्वतः हिरवा-पिवळा उजेड बाहेर टाकतो. म्हणून तो आजूबाजूच्या पांढऱ्या सदऱ्यापेक्षाही तेजस्वी दिसतो, आणि कॅमेऱ्याचा हिरवा चॅनल तिथे 255 वर जाऊन थडकतो. त्याच्या पुढे नोंदच नाही. उन्हातल्या भागात R 170, G 255, B 60 असे आकडे दिसतात. हिरव्या चॅनलमध्ये चुण्या पुसल्या गेल्यात. आता Hue ची पट्टी कितीही फिरवा, पुसलेलं परत येत नाही.

पण लाल चॅनल शाबूत आहे. Channels पॅनेलमध्ये नुसता Red उघडा. शर्ट राखाडी दिसतो आणि कॉलरची शिवण, बटणपट्टी, काखेतल्या चुण्या सगळं जागेवर असतं. ह्या राखाडीचा आकडा 170, म्हणजे L साधारण 70. आपल्या नव्या शर्टाचा पाया हाच. आणि तो पाया कोणता रंग पेलेल हेही त्यानेच सांगितलं: सत्तरच्या आसपासचा.

L सत्तरच्या आसपास बसणारे ओळखीचे रंग थोडे आहेत. फिकी मोहरी, पिस्ता, फिका आकाशी, राखाडी, पीच. ह्यातून निवड करताना फोटोतल्या शेजाऱ्यांकडे बघायचं. आकाशी घेतला तर आजूबाजूच्या उबदार कपड्यांत तोच एकटा थंड पडतो. डोळ्याला पुन्हा मध्यभागी ठिपका. पीच केशरी फेट्याच्या लगेच मागे येतो आणि फेट्याची कड हरवते. राखाडी चालला असता, पण मागे काळा दगड आहे, कठडा आणि शर्ट एकत्र मिसळायला लागतात.

उरले पिस्ता आणि मोहरी. दोन्हींचा एक मोठा गुण म्हणजे दोन्ही मूळ पोपटीपासून लांब नाहीत. ह्याचं महत्त्व नातवाची हनुवटी बघितली की कळतं.

[दृश्य: हनुवटीच्या खालचा भाग. तिथे हिरवट झाक.]

तेजस्वी कापड आपला रंग शेजारी सांडतं. हनुवटीखाली, गळ्यावर, बाजूच्या काकांच्या क्रीम बाहीवर, आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर पोपटी झाक पडली आहे. शर्ट मरून केला आणि ही झाक तशीच ठेवली, तर मरून शर्टातून हिरवा उजेड येतोय असा फोटो होतो. पाहणाऱ्याला ते शब्दांत सांगता येत नाही, पण चेहरा आजारी वाटतो. नवा रंग जुन्याच्या जवळचा असेल, तर सांडलेली झाक थोडी कमी केली तरी भागते.

दोघांत मोहरी सरस. काकूंच्या इरकलच्या काठात जर आहे, तिचा पिवळा आधीच फोटोत आहे. त्यामुळे मोहरी शर्ट ठरवून घातल्यासारखा दिसतो. मात्र आयड्रॉपरने जरीचाच रंग उचलून शर्टावर ओतू नका. जर चकाकते, तिचा रंग कापडाला लावला की शर्ट सोन्याचा होतो. जरीपेक्षा बराच मळकट पिवळा घ्यायचा: R 200, G 165, B 90. ह्याचा L येतो 69. आणि शेजारचा क्रीम सदरा 88 च्या आसपास असल्यानं दोघांत एकोणीस पायऱ्यांचं अंतर राहतं, माणसं एकमेकांत मिसळत नाहीत.

[दृश्य: लेयर पॅनेल.]

आता काम. शर्टाभोवती Pen Tool ने निवड करा, तिचा मास्क एका ग्रुपला लावा. ग्रुपचा मोड Pass Through असू द्या. आत पहिला लेयर Channel Mixer: Monochrome वर खूण, Red 100, Green 0, Blue 0. शर्ट राखाडी होईल, पण चुण्यांसकट. त्याच्यावर Solid Color, रंग `#C8A55A`, मोड Color. इथे शर्ट मोहरी होतो.

थांबू नका, कारण आत्ता सावल्या चुकीच्या आहेत. Color मोड उन्हात आणि चुणीत जवळपास सारखाच रंग भरतो. खऱ्या कापडावर उजेड कमी झाला की रंगही मंदावतो. इथे तो मंदावत नाही, म्हणून काखेतल्या चुण्या आतून दिवा लावल्यासारख्या तांबूस-पिवळ्या झळकतात. Solid Color लेयरच्या नावाशेजारच्या मोकळ्या जागेवर डबल क्लिक करून Blend If मधली Underlying Layer ची काळी खूण Alt दाबून दोन भागांत तोडा, एक भाग 20 वर आणि दुसरा 80 वर. गडद चुण्यांतला रंग हळूहळू उतरतो. पांढऱ्या टोकाकडची खूणही तशीच तोडून 215 आणि 245 वर ठेवली, की खांद्यावरची चमक पांढुरकी राहते आणि कापड पॉलिस्टरचंच वाटतं.

मग सांडलेला पोपटी. ग्रुपच्या बाहेर, त्याच्या वर एक रिकामा लेयर, मोड Color, नातवाच्याच गालावरचा रंग उचलून मऊ ब्रशने हनुवटीखाली हलका हात. ब्रशची Opacity 20 टक्के, दोन-तीन फेऱ्या पुरतात. क्रीम बाहीसाठी रंग त्याच बाहीच्या लांबच्या भागातून घ्यायचा. सगळी झाक पुसू नका. मोहरी शर्टही थोडा पिवळा सांडतोच.

[दृश्य: शर्टाची कड, फार मोठी करून.]

कडेला बहुतेक कामं उघडी पडतात. जेपेग फाइल बहुधा उजेडाची नोंद पूर्ण ठेवते, पण रंगाची नोंद चार पिक्सेलना मिळून एकच ठेवते. त्यामुळे पोपटी शर्टाबाहेर एक-दोन पिक्सेल पाझरलेला असतो. मास्क अगदी शर्टाच्या कडेवर कापला तर बाहेर बारीक हिरवी रेघ राहते. मास्क एक पिक्सेल बाहेर सरकवा, अर्धा ते एक पिक्सेल Feather द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत वापरू नका, तिच्यात हा पाझर खूप वाढलेला असतो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

आणि शर्ट आणखी कुठे कुठे आहे ते शोधा. काकांच्या कोपराखालच्या फटीत, नातवाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला, पुढच्या चुलतबहिणीच्या केसांच्या बटांमधून, आजोबांच्या चष्म्याच्या काचेत. फटीतला हिरवा तुकडा राहिला की सगळी मेहनत वाया.

[दृश्य: तोच फोटो कृष्णधवल.]

शेवटी सगळ्यांत वर Solid Color चा मधला राखाडी लेयर घेऊन त्याचा मोड Color करा. फोटो कृष्णधवल दिसतो. आता सगळ्यांत उजळ आजोबांचा सदरा असायला हवा. शर्ट त्याच्याशी स्पर्धा करत असेल, तर Channel Mixer वर Curves चा एक लेयर घेऊन थोडा खाली आणा. राखाडी लेयर बंद करा, फोटो अंगठ्याएवढा करा. नजर आधी आजी-आजोबांवर थांबते का बघा.

नातवाला एकदा दाखवा, शर्ट त्याचा आहे. मूळ फाइल वेगळी ठेवा.

बारा बाय अठरा इंचांची प्रिंट हवी असेल, तर sRGB मध्ये, 3600 बाय 5400 पिक्सेल अशी जेपेग द्या. त्याआधी चार बाय सहाचा एक नमुना काढून घ्या आणि तो खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बघा. फोटो छापणाऱ्या लॅबमधल्या पिवळ्या बल्बखाली मोहरी आणि क्रीम जवळजवळ एकच वाटतात, आणि मग काउंटरवरचा माणूस रंग उगाच गडद करून छापतो.